विमान चुकण्याचं स्वप्न आणि विमान कोसळण्याचं स्वप्न: ही दोन वेगळी स्वप्नं आहेत

प्रश्न: दोन महिन्यांनी मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी दुसऱ्या देशात राहायला जातोय. नोकरी मला लागली आहे; नवरा त्याची सोडून माझ्याबरोबर येतोय. गेले पाच-सहा आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा विमान चुकल्याचं स्वप्न पडतं. कधी पासपोर्ट सापडत नाही, कधी गेट. मागच्या आठवड्यात दोनदा विमान कोसळल्याचं स्वप्न पडलं. ते दोघं शेजारी बसलेत, मी त्यांना "काही होणार नाही" म्हणतेय आणि विमान खाली चाललंय. घामाघूम होऊन जाग आली. जवळची एक व्यक्ती म्हणाली, हा इशारा आहे, जाऊ नका. खरंच असं असतं का? आणि नसेल तर ही स्वप्नं थांबवायची कशी?

उत्तर:

आधी इशाऱ्याबद्दल बोलू, कारण तो काटा मनात रुतलेला असेल तर पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. नाही, हा इशारा नाही. गेली एकवीस वर्षं मी झोप आणि चिंता या विषयांत माणसांबरोबर काम करते आहे. मोठा बदल तोंडावर आला की विमान, आगगाडी, बस चुकल्याची स्वप्नं पडतात, हे मी फार वेळा ऐकलं आहे, आणि अशी स्वप्नं सांगून प्रवासाला गेलेली माझ्या ओळखीची सगळी माणसं सुखरूप पोचली आहेत.

तरीही तुम्हाला ते इशाऱ्यासारखं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. कॅरी मोरवेज आणि मायकल नॉर्टन या दोन संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉस्टनमधल्या प्रवाशांना त्यांनी कल्पना करायला सांगितली की तुम्ही उद्या विमानाने जाणार आहात आणि आज रात्री चारपैकी एक गोष्ट घडली: सरकारने धोक्याची सूचना दिली, किंवा तुमच्या मनात अपघाताचा विचार आला, किंवा अपघाताचं स्वप्न पडलं, किंवा त्याच मार्गावर खरोखर अपघात झाला. लोक म्हणाले की जागेपणी आलेल्या विचारापेक्षा आणि सरकारी सूचनेपेक्षाही स्वप्नाने आपला बेत जास्त डळमळेल. स्वप्नाने होणारी घालमेल जवळजवळ खऱ्या अपघाताइतकी ठरली. दुपारी चहा पिताना "विमान पडलं तर?" हा विचार आला तर आपण तो झटकून टाकतो. तोच विचार रात्री चित्र होऊन आला की तो आपला वाटत नाही, कुणीतरी बाहेरून पाठवल्यासारखा वाटतो. फरक एवढाच आहे. जगात रोज लाखो माणसं विमानात बसतात. प्रवासाआधीच्या दिवसांत त्यांच्यापैकी पुष्कळांना वाईट स्वप्नं पडत असणार. पण विमान नीट उतरलं की ते स्वप्न कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून आपल्या कानावर फक्त जुळून आलेले योगायोग येतात.

त्या जवळच्या व्यक्तीबद्दल एकच सांगते. याच अभ्यासात असंही दिसलं की आपल्या आधीच्या समजुतीशी किंवा इच्छेशी जुळणाऱ्या स्वप्नाला माणूस जास्त अर्थ देतो. तुम्ही दूर जाऊ नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना तुमच्या स्वप्नात 'जाऊ नका' हेच ऐकू येणार. त्यात त्यांची माया आहे. तिला मायेसारखंच उत्तर द्या, पण तिकिटाचा निर्णय तिच्यावर सोपवू नका.

आता स्वप्न बनतं कसं, ते थोडक्यात. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. प्रत्येक फेरीत एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. १९५३ साली युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी या टप्प्याची नोंद जगापुढे ठेवली. त्याला आरईएम झोप म्हणतात आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो, त्यामुळे अशी स्वप्नं पहाटेच्या सुमारास पडून लक्षात राहतात. या वेळी मेंदूतले भीती आणि भावना हाताळणारे भाग जोरात चाललेले असतात. क्रम लावणारा, हिशेब ठेवणारा, "थांब, हे जुळत नाही" असं म्हणणारा कपाळामागचा भाग मात्र मंदावलेला असतो. हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडलेले असतात.

विमान चुकण्याच्या स्वप्नाचा सगळा छळ यात दिसतो. गेटचा आकडा वाचावा तर तो बदलतो, कारण झोपेत वाचणं आणि मोजणं फार कच्चं असतं. धावावं तर पाय उचलत नाहीत, आणि हे बहुधा त्या सैल स्नायूंमुळे. एक काम संपलं की दुसरं उपटतं, कारण क्रम धरून ठेवणारा भाग विश्रांती घेतोय. तेव्हा स्वप्नात पासपोर्ट सापडला नाही म्हणजे तुम्ही अव्यवस्थित आहात किंवा तुमची तयारी अपुरी आहे, असं समजू नका. सगळी कागदपत्रं महिनाभर आधी फायलीत लावून ठेवणाऱ्या माणसांनाही हे स्वप्न पडतं. खरं सांगायचं तर त्यांनाच जास्त पडताना मी पाहिलं आहे.

पण मग नेमकं विमानच का? अर्नेस्ट हार्टमन नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी यावर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की स्वप्न घटनेचं चित्र काढत नाही, भावनेचं काढतं. घराला लागलेल्या आगीतून वाचलेला माणूस पुढे आगीचीच स्वप्नं बघतो असं नाही. कित्येकदा त्याला समुद्राची अजस्र लाट अंगावर येताना दिसते. आग आणि लाट यांत सारखी असते ती हतबलता. भावना आधी असते, आणि तिला शोभेल असं चित्र मन हाताशी असलेल्या सामानातून उचलतं. तुमच्या डोक्यात सध्या तिकिटं, सामान आणि तारखा आहेत, म्हणून चित्र विमानाचं. त्यामुळे 'विमान म्हणजे काय' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. स्वप्न कुठल्या क्षणी अडतं, त्या क्षणी तुम्ही काय करत असता आणि जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात पोटात काय असतं, हे तीन प्रश्न विचारले की बरंच उलगडतं.

हे तीन प्रश्न विचारले की तुमची दोन स्वप्नं लगेच एकमेकांपासून वेगळी होतात. पहिल्यात तुम्ही जमिनीवर आहात, हालचाल करताय, आणि जमीन तुम्हाला सोडत नाही. दुसऱ्यात तुम्ही हवेत आहात, पट्ट्याने बांधलेल्या आहात आणि हातात काहीच नाही. पहिलं 'निघणं' या गोष्टीबद्दल आहे, दुसरं 'निघाल्यानंतर' या गोष्टीबद्दल. दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही, म्हणून ती वेगवेगळी घेऊ.

चुकलेल्या वाहनाचं स्वप्न फार जुनं आणि सार्वत्रिक आहे. माणसांना वारंवार पडणाऱ्या स्वप्नांच्या ज्या याद्या संशोधक वापरतात, त्यांत 'उशिरा पोचणं, जसं गाडी चुकणं' हे एक वेगळं कलमच असतं. फ्रॉइडने गाडी चुकण्याच्या स्वप्नाला सांत्वनाचं स्वप्न म्हटलं होतं. त्याच्या मते प्रस्थान म्हणजे मृत्यू, आणि गाडी चुकणं म्हणजे "घाबरू नकोस, तू जात नाहीयेस" असा दिलासा. मृत्यूचा भाग मला प्रत्येक ठिकाणी लागू वाटत नाही. पण दिलाशाचा भाग मी पुनःपुन्हा पाहिला आहे. विमान चुकलं हे कळल्यावर, घाबरण्याच्या आधी, एक क्षण सुटल्यासारखं वाटतं. लोक तो क्षण सांगत नाहीत, कारण त्याची लाज वाटते.

एका बाईंचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ५९, एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, निवृत्तीला चार महिने उरलेले. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला जायचं ठरलेलं, त्याचा आनंदही होता. त्यांना आठवड्यातून दोनदा एकच स्वप्न पडायचं. विमानतळावर बॅगेची चेन उसवते, सगळं सामान जमिनीवर पसरतं, त्या गोळा करत बसतात आणि काचेपलीकडे विमान निघून जाताना दिसतं. त्यांना खात्री होती की हे सामान बांधण्याचं टेन्शन आहे, म्हणून त्यांनी चार महिने आधीच बॅगा भरायला घेतल्या होत्या. स्वप्न थांबलं नाही, उलट वाढलं.

मी त्यांना ते स्वप्न डोळे मिटून, वर्तमानकाळात, अगदी सावकाश सांगायला लावलं. 'बॅग उसवली होती' असं नाही, 'बॅग उसवतेय, मी वाकतेय' असं. एवढ्याने पुष्कळ गोष्टी वर येतात. पसरलेल्या सामानात कपडे नव्हते. त्यात किल्ल्यांचा एक जुडगा होता आणि त्या प्रत्येक वेळी तो सगळ्यात शेवटी उचलायच्या. कुठल्या किल्ल्या, असं विचारल्यावर त्या गप्प झाल्या. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या कोठाराच्या किल्ल्या गेली २२ वर्षं त्यांच्याच पर्समध्ये होत्या. त्या कुणाकडे द्यायच्या हे चार महिन्यांवर आलं तरी त्यांनी ठरवलं नव्हतं. दोन सहकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा "बघू, घाई काय आहे" असं म्हणाल्या होत्या. जाग आल्यावर पहिलं काय वाटतं, असं विचारलं तर म्हणाल्या, "अजून इथेच आहे." आणि मग रडल्या.

बॅगेचा आणि प्रवासाचा प्रश्नच नव्हता. त्यांना जायची भीती नव्हती. निरोप घ्यायचा राहिला होता, आणि किल्ली दिली की निरोप झाला, म्हणून ती दिली जात नव्हती. मग आम्ही एक ठोस गोष्ट ठरवली. एका निश्चित तारखेला, कामाच्या वेळेत, किल्ल्या ज्यांना द्यायच्या त्यांच्या हातात द्यायच्या आणि कोठारातली कुठली कपाटं कशी लावली आहेत ते फिरून दाखवायचं. त्यांनी ते केलं. त्यानंतर पंधरा दिवसांत स्वप्न दोनदा पडलं, पण दुसऱ्या वेळी बॅग मिटलेली होती आणि त्या गेटपाशी रांगेत उभ्या होत्या. विमानात बसल्याचं स्वप्न त्यांना कधीच पडलं नाही. त्याची गरजही नव्हती.

यात आनंदाचा बदल असूनही त्रास का होतो, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून, प्रत्येक घटनेनंतर माणसाला स्वतःला किती नव्याने जुळवून घ्यावं लागतं याचे गुण दिले. नोकरीवरून काढलं जाणं ४७, निवृत्ती ४५, लग्न ५०. स्वतःच्या मोठ्या यशालाही २८ गुण आहेत. या आकड्यांना वजनकाट्यासारखं धरू नये, पण त्यामागचं म्हणणं खरं आहे. घटना चांगली की वाईट याला शरीर फारसं विचारत नाही. किती गोष्टी एकदम हलल्या, एवढंच बघतं. तुमच्याकडे नोकरी, घर, मुलीची शाळा, नवऱ्याचं काम आणि घराचा आर्थिक आधार कोण, हे सगळं एकदम हलतंय.

आता तुमच्या चुकलेल्या विमानाकडे या. तुम्हीही ते स्वप्न एकदा वर्तमानकाळात, सावकाश, मोठ्याने सांगा, नवऱ्याला किंवा फोनच्या रेकॉर्डरला. पासपोर्ट सापडत नाही तेव्हा तुम्ही नक्की कुठे शोधताय? कुणाच्या खोलीत, कुठल्या कपाटात? त्या जागेत जागेपणी काय आहे? गेट शोधताना तुम्ही एकट्या असता की मुलीचा हात धरलेला असतो? उत्तरं मला इथून देता येणार नाहीत आणि देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. 'पासपोर्ट म्हणजे ओळख' असं कोशातल्या शब्दासारखं कुणी सांगितलं तर ते तुमच्या स्वप्नाबद्दल नसतं. अर्थ बरोबर लागला की तो छातीत लागतो. किल्ल्यांवर त्या बाई गप्प झाल्या तसं. नुसतं "हो, असेल" असं वाटलं, तर तो अर्थ सोडून द्या आणि पुढे शोधा. आणि ते सापडलं की जे काम राहिलंय त्याला तारीख द्या. कुणाला भेटायचं राहिलंय, कुणाला सांगायचं राहिलंय, काय कुणाच्या स्वाधीन करायचं राहिलंय. सामानाच्या यादीत हे कधीच नसतं.

विमान कोसळण्याचं स्वप्न जास्त भीतिदायक, पण मला तुमच्या बाबतीत ते जास्त स्पष्ट वाटतं. अशा स्वप्नात माणूस कुठे आहे हे मी आधी विचारते. कुणी जमिनीवरून विमान पडताना बघतो. त्याला बहुधा दुसऱ्या कुणाची काळजी असते, किंवा तो आपल्याच आयुष्याकडे लांबून बघत असतो. कुणी स्वतः वैमानिक असतो आणि त्याला विमान चालवता येत नाही. नवी जबाबदारी अंगावर घेतलेल्यांकडून हे ऐकायला मिळतं. कुणी प्रवासी असतो आणि चालवणारा दिसत नाही. आपलं भवितव्य दुसऱ्याच्या हातात आहे असं वाटणाऱ्यांचं हे चित्र. हे ठोकताळे आहेत, नियम नाहीत. तुमच्या स्वप्नात मात्र एक तपशील असा आहे जो मी सहसा ऐकत नाही. विमान खाली जाताना तुम्ही किंचाळत नाही, दार शोधत नाही, तुम्ही धीर देत असता.

मला विचारायचंय की जागेपणीही तुम्ही हेच करताय का. नोकरी तुम्हाला लागली, तुमच्यामुळे नवरा त्याचं काम सोडतोय, तुमच्यामुळे मुलगी मैत्रिणी सोडतेय. अशा वेळी निर्णय घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या शंका बोलून दाखवायची मुभा उरत नाही. कुणी चेहरा पाडला की "काही होणार नाही, छान होईल" म्हणायचं काम त्याच्याकडे येतं. दिवसभर ते काम केल्यावर ज्या शंका बोलल्या गेल्या नाहीत त्या रात्री शेजारी येऊन बसतात. माझा अंदाज आहे की तुम्हाला भीती उड्डाणाची नाही. आपण ज्यांना बरोबर घेतलं त्यांना खाली नेलं तर, ही आहे. चुकत असेन तर तुम्हाला वाचताना लगेच कळेल.

अंदाज बरोबर असेल तर इथे पहिला उपाय झोपेचा नाहीच. एका संध्याकाळी मुलगी झोपल्यावर नवऱ्याबरोबर बसा आणि धीर न देता एक प्रश्न टेबलावर ठेवा: हे जमलं नाही तर आपण काय करायचं? किती महिन्यांनी आढावा घ्यायचा, परत यायचं ठरलं तर कुठे राहायचं, त्याला तिथे काम मिळालं नाही तर किती काळ चालेल, कुठली गोष्ट घडली की 'पुरे' म्हणायचं. हे कागदावर लिहा, एक पान पुरे. बहुतेक जोडपी हे बोलणं टाळतात, अशुभ बोलल्यासारखं वाटतं म्हणून. पण परतीचा रस्ता लिहिलेला असला की निर्णय एकट्या माणसाच्या खांद्यावरून उतरतो. नवऱ्यालाही विचारा की त्याला कशाची भीती आहे, आणि तो सांगेल तेव्हा त्याला समजावू नका. एवढं एक जमलं तर पुष्कळ झालं. मुलीच्या बाबतीतही "तुला तिथे खूप मजा येईल" याऐवजी "तुला काय सोडून जायला नको वाटतंय?" हे विचारून बघा.

आता स्वप्नावरचं थेट काम. नकोशी स्वप्नं पुनःपुन्हा पडतात तेव्हा प्रतिमा-सराव नावाची पद्धत चांगली उपयोगी पडते. बॅरी क्राकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांबरोबर तिचा अभ्यास केला होता, आणि तीन बैठकींच्या त्या शिक्षणाने दुःस्वप्नं लक्षणीय कमी झाली. तुमचा त्रास त्या मानाने हलका आहे, त्यामुळे पुढचं घरी करून बघायला हरकत नाही.

सुरुवात कोसळण्याच्या स्वप्नापासून करू नका. आधी कमी त्रासाचं, म्हणजे गेट न सापडण्याचं घ्या. दिवसा, उजेडात, ते जसं पडलं तसं पाच-सहा ओळींत लिहा. मग त्यात तुम्हाला हवा तो बदल करा आणि नवं स्वप्न पूर्ण लिहून काढा. बदल कसा करायचा याला बंधन नाही, पण माझ्या अनुभवात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. शेवट नुसता गोड करू नये. 'मग गेट सापडलं आणि आम्ही आनंदाने गेलो' हे मनाला पटत नाही आणि सराव पोकळ होतो. आणि बदल अडण्याच्या क्षणाच्या थोडा आधी करावा. उदाहरणार्थ, फलकावरचा आकडा बदलतोय हे दिसल्यावर तुम्ही धावत नाही. थांबता, मुलीला बाकावर बसवता, शेजारी बसून बुटाची नाडी बांधता, आणि एका कर्मचाऱ्याला विचारता. तो हात करून दिशा दाखवतो. तुम्ही चालत निघता. विमान मिळालं की नाही हे लिहायचंही कारण नाही.

हे नवं स्वप्न रोज दिवसातून एकदा, १० ते १५ मिनिटं, डोळे मिटून बघायचं. शब्द पाठ करायचे नाहीत, चित्र बघायचं: बाकाचा गारवा, नाडीची गाठ, मुलीचा आवाज. जुनं स्वप्न पुन्हा उगाळायचं नाही. दोन-तीन आठवडे द्या. नोंद ठेवायची ती एवढीच, की आठवड्यात किती वेळा पडलं आणि जाग आल्यावर भीती दहापैकी किती होती. बऱ्याचदा आधी भीतीचा आकडा उतरतो आणि स्वप्नांची संख्या नंतर. कधी स्वप्न तेच राहतं पण त्यात एखादा अनोळखी तपशील शिरतो, कुणी मदतीला येतं, पाय हलू लागतात. ती सुधारणाच आहे. पहिलं स्वप्न सैल पडल्यावर दुसरं घ्या. त्यात मी तुम्हाला एकच बदल सुचवेन, बाकी तुमचा. विमान हलायला लागलं की "काही होणार नाही" असं न म्हणता तुम्ही म्हणता, "मला पण भीती वाटतेय," आणि तिघं एकमेकांचे हात धरता. तिथून स्वप्न पुढे कुठे जातं ते मनाला ठरवू द्या. विमान कोसळू नये म्हणून लढू नका.

सराव करताना भीती प्रत्येक वेळी वाढतच असेल, कमी होत नसेल, तर तो बंद करा. हे एकट्याने करायचं काम नाही याची ती खूण आहे.

स्वप्न पडू नये म्हणून झोपण्याआधी "आज त्याचा विचारच करायचा नाही" असं ठरवणं हा सगळ्यांचा पहिला उपाय असतो आणि तो उलटतो. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की झोपण्याआधी एखाद्या व्यक्तीचा विचार मुद्दाम दाबला, तर तीच व्यक्ती स्वप्नात जास्त येते. त्यापेक्षा संध्याकाळी, झोपायच्या दोन तास तरी आधी, २० मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. जे डोक्यात आहे ते लिहा, आणि प्रत्येकासमोर 'उद्या हे करायचं' किंवा 'यावर आज काही करता येत नाही' एवढंच लिहा. वही मिटा आणि ती झोपायच्या खोलीबाहेर ठेवा.

शरीराकडेही एक नजर टाका. तुम्ही अलीकडे एखादं नवं औषध सुरू केलं आहे का? काही नैराश्यविरोधी औषधं आणि प्रोप्रॅनोलॉलसारखी काही बीटा ब्लॉकर औषधं स्वप्नं गडद करतात. ती स्वतःहून थांबवू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा. रात्री मद्य घेऊन झोपलं तर पहिल्या भागात आरईएम झोप दबते आणि पहाटे उसळून येते. रोज दोन तास झोप कमी पडत असेल तरी असंच होतं, आणि स्थलांतराच्या गडबडीत ती हमखास पडते.

तुमचा अनुभव मला सध्या आजार वाटत नाही. पण स्वप्नाच्या भीतीने झोपायलाच जावंसं वाटत नसेल, आठवड्यातल्या बहुतेक रात्री घामाघूम होऊन जाग येत असेल, दिवसा कामात लक्ष लागत नसेल, किंवा स्वप्नात पूर्वी खरोखर घडलेला एखादा अपघात किंवा आघात परत परत येत असेल, तर मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच भेटा. आणि जागेपणीच विमानात बसायच्या कल्पनेने छाती धडधडत असेल, तर ती उड्डाणाची भीती हा वेगळा विषय आहे. तिच्यावर टप्प्याटप्प्याने केलेले उपचार चांगले लागू पडतात आणि दोन महिने त्यासाठी पुरेसे आहेत.

निघायच्या आदल्या रात्री स्वप्न पडण्याची शक्यता बरीच आहे, कारण त्या रात्री झोप तुटक असेल. पडलं तर उठा, दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवा आणि ते कुणालातरी दोन वाक्यांत सांगा. नवरा जागा असेल तर त्यालाच. पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत स्वप्नांचं चित्र उलटतं, असं पुष्कळ जण सांगतात. तेव्हा विमान नसतं, जुनं घर असतं. त्यात एखादी नवी खोली सापडते, किंवा दार उघडं राहून गेलेलं असतं. ते स्वप्न तोडू नका. सकाळी मुलीलाही विचारा की तिने काय पाहिलं.